अडीच टक्के एकदम की सहा टप्प्यांत? सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्याच्या कर्जावर मांडलेला हिशेब

४ मे २०२२ रोजी दुपारी, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन, रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४.०० वरून ४.४० टक्के केला. त्यानंतर ८ जूनला ४.९०, ५ ऑगस्टला ५.४०, ३० सप्टेंबरला ५.९०, ७ डिसेंबरला ६.२५ आणि ८ फेब्रुवारी २०२३ रोजी ६.५० टक्के. सुमारे नऊ महिन्यांत सहा टप्पे आणि एकूण वाढ अडीच टक्के. एप्रिल २०२३ च्या बैठकीत दर तिथेच थांबवला गेला.

हे पाहिल्यावर कारखानदार हमखास एक प्रश्न विचारतो: शेवटी अडीच टक्केच वाढवायचे होते, तर मे महिन्यातच का वाढवले नाहीत? महागाई लवकर आटोक्यात आली असती आणि आम्हालाही एकदाच काय तो हिशेब कळला असता. प्रश्न रास्त आहे. ‘धक्का बसू नये म्हणून’ एवढ्या उत्तराने तो सुटत नाही. म्हणून एका कारखान्याच्या कर्जखात्यावर दोन्ही मार्ग चालवून पाहू.

कारखाना आणि त्याचे कर्ज

हा कारखाना हिशेबासाठी मांडलेला आहे, कोणा एकाचा नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणारा लघुउद्योग, वर्षाची उलाढाल ४ कोटी रुपये, निव्वळ नफा उलाढालीच्या ४ टक्के, म्हणजे १६ लाख. मागांसाठी ६० लाखांचे मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी ४० लाखांचे कॅश क्रेडिट. दोन्ही मिळून १ कोटी. मुदत कर्जाचे मुद्दल दर महिन्याला थोडे कमी होते, ते सोयीसाठी बाजूला ठेवू.

कर्ज व्यापारी बँकेचे आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिलेली नवी फ्लोटिंग दराची कर्जे बाह्य निर्देशांकाशी जोडणे बंधनकारक झाले. बहुतेक ठिकाणी हा निर्देशांक म्हणजे रेपो दर. रेपोवर बँक आपला स्प्रेड, म्हणजे वरची ठरावीक भर, लावते आणि दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने बसवला जातो. आपल्या कारखान्याचा स्प्रेड ४.५० टक्के धरला, तर एप्रिल २०२२ मध्ये त्याचा व्याजदर ८.५० टक्के आणि महिन्याचे व्याज ७०,८३३ रुपये. दर बदलण्याच्या तारखा १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारी आणि १ एप्रिल.

सोलापुरात सगळे कर्ज असे नसते, हे इथेच नोंदवायला हवे. नागरी सहकारी बँकांना हा नियम लागू नाही, आणि सूत व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतलेल्या मालाचे व्याज तर सुताच्या भावातच मुरलेले असते. रेपोचा टप्पा तिथे पोहोचतो, पण उशिरा आणि आडवाटेने.

एकदम वाढ केली असती तर

४ मे रोजीच रेपो ६.५० टक्के केला असता, तर १ जुलैला कारखान्याचा दर ११ टक्के झाला असता. महिन्याचे व्याज ७०,८३३ वरून ९१,६६७ रुपये, म्हणजे जवळपास २१ हजारांची वाढ. वर्षाला अडीच लाख.

प्रत्यक्षात काय झाले ते आता पाहू. १ जुलैला रेपो ४.९० होता, म्हणून दर ९.४० टक्के आणि महिन्याचे व्याज ७८,३३३. १ ऑक्टोबरला १०.४० टक्के आणि ८६,६६७. १ जानेवारीला १०.७५ टक्के आणि ८९,५८३. १ एप्रिल २०२३ ला ११ टक्के आणि ९१,६६७. रिझर्व्ह बँकेचे टप्पे सहा, पण तीन महिन्यांच्या रीसेटमुळे कर्जदाराच्या वाट्याला चारच आले, आणि त्यातले पहिले दोन अनुक्रमे ०.९० आणि १.०० टक्क्यांचे होते. रिझर्व्ह बँकेने अर्ध्या टक्क्यापेक्षा मोठे पाऊल एकदाही टाकले नाही, तरी कारखान्याला एक टक्क्याचे पाऊल सोसावे लागले. आपल्या कर्जाची रीसेट तारीख कोणती, याला एवढे महत्त्व असते.

दोन्ही मार्गांतील व्याजाची बेरीज केली, तर टप्प्याटप्प्याने वाढ झाल्यामुळे जुलै ते मार्च या नऊ महिन्यांत वाचलेली रक्कम जेमतेम साठ-एकसष्ट हजार भरते. १६ लाख नफ्याच्या कारखान्यासाठी ही काही निर्णायक रक्कम नव्हे. टप्प्यांचा फायदा वाचलेल्या व्याजात शोधणारा म्हणूनच निराश होतो. फायदा आहे तो दुसरीकडे, ऑर्डर बुकमध्ये.

ऑर्डरचा भाव आणि व्याजाची तारीख

अडीच लाखांचे वाढीव व्याज ४ कोटींच्या उलाढालीवर पसरले तर शंभर रुपयांच्या मालामागे ६३ पैसे पडतात. एवढी भाववाढ खरेदीदाराकडून मिळू शकते. पण ती मिळते नव्या ऑर्डरवर. हातात असलेल्या ऑर्डरचा भाव ठरून गेलेला असतो. ऑर्डर तीन महिने आधी घेतली जाते असे धरू, म्हणजे व्याज वाढले की पहिल्या तिमाहीत ते कारखान्यानेच सोसायचे आणि पुढच्या तिमाहीपासून भावात घालायचे.

एकदम वाढीच्या मार्गाने जुलै ते सप्टेंबर या एका तिमाहीत ६२,५०० रुपये अंगावर पडले असते. तिमाहीचा नफा ४ लाख, त्यातला जवळजवळ सहावा हिस्सा. टप्प्यांच्या मार्गाने पहिल्या तिमाहीत २२,५००, दुसरीत २५,०००, तिसरीत ८,७५० आणि चौथीत ६,२५०. यांची बेरीज केली तर तीही ६२,५०० रुपयेच येते.

म्हणजे कारखानदाराने फक्त झालेल्या वाढीपुरताच भाव बदलला, तर टप्पे त्याचे एकूण नुकसान एका रुपयानेही कमी करत नाहीत, ते चार तिमाहींत वाटून देतात. वाईटातली वाईट तिमाही ६२,५०० ऐवजी २५,००० ची होते, आणि कॅश क्रेडिटवर चालणाऱ्या कारखान्यासाठी हे थोडके नाही. पण टप्प्यांचे खरे बळ पुढच्या पायरीत आहे. मे आणि जूनच्या निर्णयांनंतर दर आणखी वाढणार आहे हे उघड होते. जुलैमध्ये ऑक्टोबरसाठीची ऑर्डर घेताना कारखानदाराने चालू ९.४० ऐवजी साडेदहा टक्के व्याज धरून भाव सांगितला असता, तर दुसऱ्या तिमाहीतले २५,००० बहुतांश वसूल झाले असते. मग अंगावर राहिला असता तो फक्त पहिला, अनपेक्षित टप्पा.

पहिले पाऊल दिशा सांगते आणि पुढची पावले लोक आधीच हिशेबात धरतात. मोठ्या एकाच उडीत हे घडू शकत नाही, कारण ती उडी पूर्णपणे अनपेक्षितच असते.

बाजाराने काय धरले होते

हे रोखे बाजारात स्पष्ट दिसते. ४ मेच्या घोषणेपूर्वी दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा ७.१ टक्क्यांच्या आसपास होता. त्या दिवशी तो ७.४ च्या जवळ गेला आणि जूनच्या मध्यापर्यंत ७.६ ओलांडून गेला. त्यानंतर रेपो दर आणखी १.६० टक्क्यांनी वाढला. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये, सहाव्या वाढीच्या वेळी, त्याच मुदतीच्या रोख्याचा परतावा ७.३ ते ७.४ टक्के होता, म्हणजे जिथे तो ४ मे रोजी पोहोचला होता साधारण तिथेच.

दीर्घ मुदतीचा दर म्हणजे येत्या अनेक वर्षांतील अल्पमुदतीच्या दरांबद्दलचा बाजाराचा अंदाज आणि वर थोडी जोखमीची भर. पहिल्या दोन टप्प्यांतच बाजाराने पुढचा रस्ता ओळखला. मध्यवर्ती बँक एका दिशेने चालू लागली की मध्येच वळत नाही असा विश्वास असल्यामुळे अर्ध्या टक्क्याच्या पावलामागे पुढच्या दीड टक्क्याचे वजन उभे राहिले. आज वर, उद्या खाली, परवा पुन्हा वर असे बँक करू लागली तर हा विश्वास जातो. मग तेवढाच परिणाम साधायला दर प्रत्यक्षात जास्त हलवावा लागतो. दिशा न बदलण्याचा हा आग्रह टप्प्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

अनपेक्षित पावलाची किंमतही त्याच दिवशी दिसली होती. ४ मे रोजी ०.४० टक्क्यांच्या रेपो वाढीसोबत रोख राखीव प्रमाण अर्ध्या टक्क्याने वाढवून ४.५० टक्के केले गेले. त्यातून बँकांकडचे सुमारे ८७,००० कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे जाणार होते. सेन्सेक्स त्या दिवशी १,३०७ अंकांनी पडला. हा परिणाम अपेक्षित नसलेल्या ०.४० चा होता.

बँकांच्या बाजूनेही पाहायला हवे, कारण कारखान्याला कर्ज तिथूनच येते. ७ टक्के व्याज देणारा दहा वर्षांचा शंभर रुपयांचा रोखा घ्या. बाजारातील परतावा एका दिवसात ८ टक्के झाला तर त्याची किंमत ९३ रुपये २९ पैशांवर येते. बाजारभावाने मोजल्या जाणाऱ्या रोख्यांवरचा हा तोटा बँकेला त्याच तिमाहीत दाखवावा लागतो आणि तो थेट तिच्या भांडवलातून जातो. भांडवल आकसलेली बँक सर्वांत आधी नव्या मर्यादा मंजूर करताना हात आखडते. टप्प्यांत वाढ झाली की जुने रोखे मुदत संपून परत येतात, त्यांच्या जागी जास्त परताव्याचे नवे घेता येतात आणि तोटा काही तिमाहींत पसरतो. अर्थात वेळ मिळणे वेगळे आणि तो वापरणे वेगळे. अमेरिकेत दर टप्प्यांतच वाढले होते, तरी दीर्घ मुदतीचे रोखे कवटाळून बसलेली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये बुडाली.

मे महिन्यात ६.५० हा आकडा कोणाला ठाऊक होता?

‘शेवटी अडीच टक्केच वाढवायचे होते’ या वाक्यातली सर्वांत मोठी अडचण म्हणजे ते शेवट पाहून झाल्यावर बोललेले असते. एप्रिल २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचा २०२२-२३ या वर्षासाठीचा महागाईचा अंदाज ५.७ टक्के होता. जूनमध्ये तो ६.७ टक्के झाला. दोन महिन्यांत पूर्ण एक टक्क्याचा फरक. ज्या संस्थेकडे सर्वाधिक आकडे असतात तिचाच अंदाज इतका हलत असेल, तर अंतिम दर कोणता हे मे महिन्यात ठामपणे सांगणे कोणालाही शक्य नव्हते.

त्याहून अवघड प्रश्न परिणामाचा. दर एक टक्क्याने वाढवला तर मागणी किती कमी होते आणि किती महिन्यांनी? येल विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ विल्यम ब्रेनार्ड यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले, की आपल्या साधनाचा परिणाम नक्की किती हेच माहीत नसेल, तर खात्री असताना जेवढे केले असते त्यापेक्षा कमी करावे. पाऊल जितके मोठे, तितकी परिणामाच्या अंदाजातली चूकही मोठी होऊन समोर येते.

सोलापुरात ही अनिश्चितता सुताच्या भावातून आली. मे २०२२ मध्ये कापसाचा भाव ३५६ किलोच्या खंडीला एक लाख रुपयांवर गेला होता. केंद्र सरकारने एप्रिलच्या मध्यापासून कापसाच्या आयातीवरील शुल्क माफ केले होते. पुढच्या महिन्यांत भाव बराच उतरला. मालाचा भाव उतरला की कॅश क्रेडिटची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे साठ्याच्या जोरावर उचलता येणारी रक्कमही उतरते. बँक साठ्याच्या किमतीवर २५ टक्के मार्जिन धरते असे समजा. ५५ लाखांच्या साठ्यावर ४१.२५ लाख उचलता येतात. सूत आणि तयार माल २० टक्क्यांनी उतरला तर साठा ४४ लाखांचा होतो आणि ड्रॉइंग पॉवर ३३ लाखांची. ४० लाख उचललेल्या कारखान्याला ७ लाख परत भरावे लागतात. हा ताण व्याजवाढीपेक्षा कितीतरी मोठा आहे. अडीच टक्क्यांची उडी मे महिन्यात मारली असती, तर चढ्या भावाचे सूत साठ्यात असताना महिन्याचे व्याज २१ हजारांनी वाढले असते आणि त्याच सुमारास ड्रॉइंग पॉवरही घटली असती. प्रत्यक्षात त्या तिमाहीतली वाढ महिन्याला साडेसात हजारांची होती.

आकडेही सरळ रेषेत येत नाहीत. किरकोळ महागाई एप्रिल २०२२ मध्ये ७.७९ टक्के, जुलैमध्ये ६.७१, सप्टेंबरमध्ये पुन्हा ७.४१, डिसेंबरमध्ये ५.७२ आणि जानेवारीत परत ६.५२. जुलैचा आकडा पाहून थांबावे असे वाटले असते आणि सप्टेंबरचा पाहून घाई करावीशी वाटली असती. दर दोन महिन्यांनी पाऊल टाकले की अशा एकाच आकड्याच्या आहारी जावे लागत नाही. पतधोरण समितीतली मतेही हेच सांगतात. सप्टेंबरमध्ये आशिमा गोयल यांनी अर्ध्याऐवजी ०.३५ टक्के वाढीला मत दिले, डिसेंबरमध्ये जयंत वर्मा यांनी वाढीलाच विरोध केला आणि फेब्रुवारीत दोघांनीही. मुक्काम जवळ आला तशी पावले ०.३५ आणि ०.२५ अशी लहान झाली आणि मतभेद वाढले. कुठे थांबायचे हे शोधत जाण्याची ही पद्धत होती.

टप्पे म्हणजे संथपणा नव्हे

दर गुळगुळीतपणे बदलण्याचा वेग मोजण्याची एक सोपी रीत आहे: चालू दर आणि योग्य वाटणारा दर यांतले अंतर बँक एका तिमाहीत किती भरून काढते? अमेरिकेच्या जुन्या आकडेवारीवरच्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास निघते. त्या चालीने ४ वरून ६.५० कडे निघालो, तर चार तिमाहींनंतरही दर साडेपाचच्याच आसपास असता. रिझर्व्ह बँकेने अडीच टक्क्यांच्या अंतरापैकी सप्टेंबरअखेर १.९० टक्के पार केले होते. हे टप्पे होते, पण जलद होते.

ग्लेन रुडेबुश यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी यावर वेगळा आक्षेप घेतला आहे. त्यांच्या मते मध्यवर्ती बँका मुद्दाम लहान पावले टाकतात असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा धक्केच एकामागून एक येतात आणि बँक प्रत्येकाला त्या त्या वेळी उत्तर देते. २०२२ मध्ये दोन्ही गोष्टी होत्या असे आमचे मत आहे. तेल, धान्य आणि डॉलर यांचे धक्के खरोखर वेगवेगळ्या महिन्यांत आले.

उशीर मात्र टप्प्यांच्या नावावर खपवता येत नाही. किरकोळ महागाई जानेवारी २०२२ पासूनच ठरवून दिलेल्या ६ टक्क्यांच्या मर्यादेच्या वर होती. सलग तीन तिमाही ती मर्यादेबाहेर राहिल्यामुळे समितीला ३ नोव्हेंबर २०२२ रोजी खास बैठक घेऊन सरकारला द्यायच्या अहवालावर चर्चा करावी लागली. पहिले पाऊल फेब्रुवारी किंवा एप्रिलमध्ये ०.२५ चे टाकले असते, तर मेमध्ये वेळापत्रक मोडून बाजाराला चकित करावे लागले नसते आणि नंतरची तीन पावले अर्ध्या टक्क्याची ठेवण्याची गरज कदाचित पडली नसती. लहान पावलांची पद्धत चालायची असेल तर सुरुवात वेळेवर हवी.

मोठी उडी योग्य ठरते अशी परिस्थितीही असते. तुर्कस्तानने २८ जानेवारी २०१४ च्या रात्री मुख्य दर ४.५० वरून १० टक्के केला. रशियाने २८ फेब्रुवारी २०२२ रोजी ९.५० वरून २० टक्के केला. दोन्हीकडे लोक स्थानिक चलन टाकून पळत होते आणि दिवसा-दोन दिवसांत चलन धरून ठेवण्याचा मोबदला वाढवणे भाग होते. तिथे पुढच्या बैठकीची वाट पाहणे म्हणजे लोकांना आणखी पळायला वेळ देणे. पण रशियाचा तो दर जूनच्या मध्यापर्यंत परत ९.५० वर आला होता. भारतात २०२२ मध्ये रुपया घसरला, तरी परकीय गंगाजळी वापरून घसरण संथ ठेवता येत होती, म्हणून दरावर तो भार टाकावा लागला नाही.

कारखानदाराने घोषणेत काय वाचावे

पावलाचा आकडा एकट्याने पुरेसा अर्थ सांगत नाही. त्यासोबत धोरणाचा पवित्रा, म्हणजे पुढच्या दिशेचा संकेत, कोणता जाहीर झाला हे वाचावे लागते. ६ जून २०२५ रोजी रेपो अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० केला गेला, पण त्याच दिवशी पवित्रा अनुकूलवरून तटस्थ केला. पाऊल मोठे असूनही अर्थ असा होता, की पुढे फार उतरायला जागा नाही. पुढच्या दोन बैठकांत दर हललाच नाही, आणि मग डिसेंबरमध्ये फक्त ०.२५ टक्का उतरला. जूनची मोठी कपात पाहून ज्याने वर्षअखेरपर्यंत आणखी एक टक्का उतरेल असे गृहीत धरून ऑर्डरचे भाव कमी केले असतील, त्याचा हिशेब चुकला.

आपल्या कारखान्यासाठी दर ०.२५ टक्क्यामागे महिन्याचे व्याज २,०८३ रुपयांनी बदलते. ते कधीपासून बदलेल हे मंजुरीपत्रातील रीसेटच्या कलमावर ठरते. स्प्रेडमध्ये कर्जदाराच्या जोखमीचा भाग असतो, तो पत खरोखर बदलल्याशिवाय बँकेला बदलता येत नाही, आणि बाकीचे भाग तीन वर्षांच्या आत वाढवता येत नाहीत. रेपो जितका वाढला त्यापेक्षा व्याज जास्त वाढलेले दिसले, तर आधी हेच कलम काढून बँकेकडे लेखी विचारणा करावी.